दोन मिनिटं कुणालाही मिळतात म्हणे

"ज्याला बोलायचं असतं तो वेळ काढतोच. दोन मिनिटं कुणालाही मिळतात. बाळ झाल्यावर मैत्रीण उत्तर देत नसेल तर समजून जा, तुमची जागा गेली. 'काही लागलं तर सांग' एवढं कळवा आणि बाजूला व्हा. गरज पडली की ती स्वतः बोलेल."

हा मजकूर गेल्या महिन्यात माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला, एकदा तर आमच्या शाळेच्या ग्रुपवर. त्याच ग्रुपमधली माझी एक मैत्रीण तेव्हा चोवीस दिवसांची बाळंतीण होती. तिने तो वाचला की नाही माहीत नाही. वाचायला तिला वेळ मिळाला नसावा अशी आशा आहे.

आधी वेळेचंच बघू. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण 8 ते 12 वेळा दूध पितं. दहा वेळा धरा. म्हणजे एका पाजण्यापासून पुढच्या पाजण्यापर्यंत सरासरी दोन तास चोवीस मिनिटं. त्यात पाजायला अर्धा तास जातो, मग खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, लंगोट बदलायचा, झोपेपर्यंत मांडीवर घ्यायचं. पाऊण-एक तास तिथेच संपतो. उरलेल्या दीड तासात तिची अंघोळ, शेक, जेवण, टाके असतील तर त्यांची काळजी, भेटायला आलेली मंडळी आणि तिची स्वतःची झोप. ही झोपही सलग नाही, तुकड्यातुकड्यांची. संध्याकाळी बरीच बाळं तासाभरात तीनदा दूध मागतात. त्या वेळी तर वरचा हिशोबही कोलमडतो.

मिनिटं मिळतात, हे खरं आहे. पण ती कोणत्या स्थितीत मिळतात ते बघायला हवं. मी ते प्रत्यक्ष पाहिलं. बाळ डाव्या हातावर, त्याचं डोकं कोपराच्या खळग्यात, फोन उजव्या हातात, उशीला टेकवलेला. एका अंगठ्याने ती टाइप करत होती. "हो गं मी" एवढं झालं आणि बाळाने दूध सोडून मान वळवली. फोन पालथा पडला. ते "हो गं मी" पाठवायचं राहूनच गेलं. समोरच्याला दिसल्या फक्त दोन निळ्या खुणा.

म्हणून जागा गेली की नाही हे निळ्या खुणांवरून ठरवता येत नाही. निदान पहिल्या तीन महिन्यांत तरी नाही, कारण बहुतेक बाळांचं रडणंही साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि मग हळूहळू उतरतं. काही मैत्र्या बाळाच्या निमित्ताने सुटतात, तेही खोटं नाही. फक्त ते वर्षभराने कळतं, चोवीस दिवसांत नाही.

मीही चुका केल्या, त्या सांगते. पहिल्या आठवड्यात मी तिला चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. मला वाटलं, वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं. तो तिने ऐकलाच नाही. शेजारी बाळ झोपलेलं, स्पीकर लावता येईना, इयरफोन माहेरच्या कुठल्यातरी पिशवीत. दुसरी चूक म्हणजे एकाच मेसेजमध्ये पाच प्रश्न. बाळ कसं आहे, नाव ठरलं का, तुझी तब्येत, झोप होते का, भेटायला कधी येऊ? प्रत्येक प्रश्न म्हणजे तिच्या यादीत आणखी एक काम. आणि "दूध पुरतंय ना?" हा प्रश्न तर कुणीच विचारू नये. दिवसभर घरातले, शेजारचे, फोनवरच्या मावश्या तेच विचारत असतात. बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. ते पाहायला डॉक्टर आहेत.

मग मी पद्धत बदलली. मेसेजची सुरुवातच "उत्तर देऊ नकोस" अशी करायची. पुढे तीन-चार ओळी माझ्याकडच्या, अगदी फालतू: आमच्या गल्लीत नवीन वडापाववाला आला आणि त्याच्या चटणीवरून दोन इमारतींत वाद पेटला, वगैरे. आई झाल्यावर तिच्याशी सगळे फक्त बाळाबद्दल बोलतात. वडापावच्या भांडणात ती पूर्वीचीच असते. मेसेज लिहिलेला, दोनदा स्क्रोल करावं लागणार नाही एवढा, आणि फोन कधीच अचानक नाही.

आता त्या "काही लागलं तर सांग"बद्दल. ऐकायला गोड आहे, पण सगळं काम तिच्यावरच टाकतं. काय लागतंय ते तिने आठवायचं, ते तुम्हाला सांगावं का याचा संकोच गिळायचा, मग वेळ ठरवायची. त्यापेक्षा मी असं लिहिलं: "बुधवारी सातच्या सुमारास मुगाची खिचडी आणि दुधीची भाजी आणते. डबा दारात काकूंकडे देऊन जाईन, आत येणार नाही. नको असेल तर नुसतं 'नको' लिही." त्याआधी तिच्या आईला फोन करून पथ्य विचारून घेतलं होतं. बाळंतिणीच्या घरी हे विचारल्याशिवाय डबा नेऊ नये. काय चालतं, काय नाही, हे प्रत्येक घराचं वेगळं असतं, आणि तुमच्या वांग्याच्या भाजीवरून तिला दोन दिवस ऐकून घ्यावं लागू शकतं. डिंकाचे लाडूही नेऊ नका, ते घरात आधीच तीन डबे असतात.

मित्र बाप झाला असेल तरी हेच. त्याला तर बहुतेक जण पेढे मागतात आणि विषय संपवतात.

सगळ्यात जास्त खटकतं ते त्या मजकुरातलं शेवटचं वाक्य, "गरज पडली की ती स्वतः बोलेल." बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून विनाकारण रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदास वाटत राहिलं, कशातच मन लागेना, "मी वाईट आई आहे" हे पुन्हा पुन्हा यायला लागलं, तर तो थकवा नव्हे, आजार आहे. त्यावर उपचार आहेत. पण त्या अवस्थेतली बाई आपणहून बोलत नाही, तो आजारच तिला गप्प करतो. म्हणून तिसऱ्या आठवड्यानंतर मी एकच प्रश्न विचारते: "बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?" दमलेली बाई म्हणते, डोकं टेकवलं की लागते. "नाही, टक्क जागी असते, छातीत धडधडतं" असं उत्तर आलं तर पुढे विचारावं, आणि तिच्या परवानगीने नवऱ्याला किंवा आईला सांगून डॉक्टरांकडे न्यावं. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं. ती असंबद्ध बोलत असेल, भलतेसलते आवाज ऐकू येत असतील, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तर परवानगीचीही वाट बघू नये. तिला एकटं सोडू नये आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

बाजूला होण्याबद्दल मात्र त्या मजकुराशी माझं अर्धं जमतं. तिने "सध्या कुणी येऊ नका" म्हटलं तर जाऊ नये. मी सव्वा महिना गेले नाही. मेसेज मात्र दर चार-पाच दिवसांनी जात होते.

सहाव्या आठवड्यात पहाटे तीन चाळीसला उत्तर आलं. अकरा दिवसांपूर्वीच्या मेसेजला. "चटणीत पुदिना घालतो का तो?"

मी जागीच होते. तरी उत्तर सकाळी नऊनंतर दिलं. न जाणो, तेवढ्यात बाळ झोपलं असलं तर.