जुन्या मॅनेजरचा शेरा आणि हातातली ऑफर

"बीजीव्हीत जुन्या मॅनेजरने तुमच्याबद्दल वाईट सांगितलं आणि नव्या कंपनीच्या एचआरने त्याबद्दल तुम्हाला फोन केला, तर समजा ऑफर गेली. तरी शेवटचा उपाय म्हणून सगळं साफ नाकारा, मॅनेजर खुनशी होता म्हणून सांगा, त्याला अब्रूनुकसानीची नोटीस पाठवा आणि एखाद्या मित्राचा नंबर सीनियर म्हणून देऊन टाका."

नोकरी बदलणाऱ्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. बीजीव्ही म्हणजे नवी कंपनी तुमच्या आधीच्या नोकरीची करते ती पडताळणी. मी भरतीच्या कामात आहे. असल्या सल्ल्यामुळे चांगल्या माणसांची जमत आलेली नोकरी जाते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी फोनचं. कंपनीने तुम्हाला नाही म्हणायचं ठरवलेलंच असेल, तर एचआर खुलासा मागत बसत नाही, सरळ मेल येतो. फोन येतो तो बहुतेक वेळा अहवालातला एक रकाना अडकलेला असतो म्हणून. पडताळणी करणारी एजन्सी प्रत्येक तपासणीला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देते. तारखा, हुद्दा, नोकरी सोडण्याचं कारण, थकबाकी या गोष्टी जुन्या कंपनीच्या एचआरकडून येतात. 'पुन्हा कामावर घ्याल का?' यासारख्या प्रश्नांवर बऱ्याचदा मॅनेजरचं मत असतं. तारखा जुळतात, कागद खरे आहेत आणि मत तेवढं वाईट आहे, अशी केस सहसा पिवळ्यात जाते. रंगांचे नियम कंपनीगणिक बदलतात, पण पिवळा म्हणजे साधारणपणे 'उमेदवाराला विचारा'. तुम्ही जे सांगाल ते फाइलला लागतं आणि मंजुरी देणारा ते वाचून केस बंद करतो. म्हणजे तुमचं उत्तर ज्याने तुम्हाला पाहिलेलंही नाही, अशा माणसाच्या हातात जाणार आहे. ते त्याच्यासाठी लिहायचं.

फोनवर लगेच बाजू मांडू नका. "सांगितलंत ते बरं झालं. नेमकं काय लिहिलंय आणि ते एचआरकडून आलंय की मॅनेजरकडून, हे सांगता येईल का? मी उद्या दुपारपर्यंत कागदांसह मेल करतो," एवढं पुरे. काही एचआर शब्दशः सांगत नाहीत, मॅनेजरचं नावही देत नाहीत. मग सारांश घ्या, खोदून विचारू नका.

आता 'सगळं साफ नाकारा' हा भाग. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. पुण्यातल्या एका अकाउंट्सच्या मुलीचं उदाहरण सांगतो. तिच्याबद्दल शेरा होता: 'नोटीस पूर्ण केली नाही. हँडओव्हर न देता गेली. पुन्हा घेणार नाही.' वाचताना हा एकच ठपका वाटतो, पण ही तीन वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं होतं: नोटीस 90 दिवसांची होती, तिने 60 दिवस भरले आणि उरलेल्या 30 दिवसांचा पगार अंतिम हिशेबात कापला गेला. दुसरं खोटं होतं. तिसरं मॅनेजरचं मत होतं, आणि मत खोडून काढता येत नाही. तिने तिन्ही नाकारली असती, तर नोटीसचा कपात-रकाना पाहून समोरच्याने हँडओव्हरबद्दलही तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

हँडओव्हर दिल्याचा पुरावा कुठून आणायचा, हा खरा पेच होता, कारण जुना मेल शेवटच्या दिवशीच बंद झालेला. पुरावा निघाला तो नोकरी सोडताना भरायच्या नो ड्यूजच्या फॉर्ममध्ये. आयटी, ॲडमिन, लायब्ररी अशा ओळींच्या वर 'विभागाचा हँडओव्हर पूर्ण' अशी एक ओळ होती आणि तिच्यासमोर त्याच मॅनेजरची सही, तारखेसकट. तिने फॉर्म परत देण्याआधी फोटो काढून ठेवला होता. तिचा मेल इंग्रजीत होता, मजकूर असा:

"काल फोनवर सांगितलेल्या शेऱ्याबद्दल. नोटीस 90 दिवसांची होती, मी 60 दिवस काम केलं. उरलेल्या 30 दिवसांची वसुली कंपनीच्या संमतीने अंतिम हिशेबात झाली, हिशेबाची प्रत जोडली आहे. हँडओव्हर पूर्ण झाल्याची विभागाची सही नो ड्यूज फॉर्मवर आहे, तोही जोडला आहे. मी लवकर गेल्याने महिनाअखेरीच्या क्लोजिंगला टीमवर ताण आला, हे मला मान्य आहे. माझं काम जवळून पाहिलेले तिथले दुसरे वरिष्ठ बोलायला तयार आहेत, हवं असल्यास त्यांचा संपर्क देते."

यात मॅनेजरच्या स्वभावावर एक शब्दही नाही. तो खुनशी असेलही, पण वाचणाऱ्याला ते तपासता येत नाही. त्याला फक्त एवढंच दिसतं की वाद झाला की ही व्यक्ती माणसांवर घसरते. 'ताण आला हे मान्य आहे' हे वाक्य मात्र मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे 'पुन्हा घेणार नाही' या मताला न खोडता त्याचं कारण समोर आलं. एक काळजी घ्या: पुरावा म्हणून जुन्या कंपनीच्या आतल्या फाइली किंवा क्लायंटचे आकडे पाठवू नका. त्यातून गोपनीयतेचा नवा प्रश्न उभा राहतो.

विधान चुकीचं असेल, म्हणजे तारीख, हुद्दा किंवा थकबाकीच चुकली असेल, तर जुन्या एचआरला मेल करून दुरुस्ती मागा आणि ती थेट एजन्सीला कळवायची विनंती करा. तुमच्याकडून गेलेल्या खुलाशापेक्षा तिथून आलेली एक ओळ जास्त चालते.

आता अब्रूनुकसानीच्या नोटीसबद्दल थोडक्यात. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 356 आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला त्यात अपवाद आहे. शिवाय चौकशीला परवानगी देणाऱ्या पत्रावर सही तुमचीच असते. जाणूनबुजून खोटं पसरवलं असेल तर वकिलाला जरूर भेटा, पण तो मार्ग लांबचा आहे. एचआरला उत्तर दोन-चार दिवसांत हवं असतं, आणि नोटीस गेल्यावर जुन्या कंपनीकडून दुरुस्ती मिळण्याची शक्यता जवळपास संपते.

मित्राचा नंबर देण्याचा सल्ला सगळ्यात घातक आहे. एजन्सी रेफरन्स देणाऱ्याचा कंपनीचा मेल आयडी मागते, बोर्ड नंबरवरून तो माणूस तिथे आहे का ते पाहते. पीएफच्या यूएएनवरची सर्व्हिस हिस्टरी तर आधीच समोर असते. हँडओव्हरबद्दलचा पिवळा मग खोट्या माहितीमुळे लाल होतो. ऑफर लेटरसोबत सही केलेल्या जाहीरनाम्यात खोट्या माहितीवरून कधीही काढता येईल असं बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, त्यामुळे रुजू झाल्यावरही ते अंगावर येऊ शकतं. दुसरा रेफरन्स द्यायचाच तर खरा द्या, आणि त्याचं तुमच्याशी नातं काय होतं ते स्पष्ट लिहा: दुसऱ्या टीमचा लीड, क्लायंटकडचा समन्वयक, आधीचा मॅनेजर.

शेरा पैशांचा अपहार, छळाची तक्रार किंवा खात्यांतर्गत चौकशीबद्दल असेल, तर असा मेल पुरत नाही. तिथे चौकशी बंद झाल्याचं पत्र लागतं. चौकशी चालू असताना राजीनामा दिला असेल, तर ते स्वतःहून सांगावं लागतं, आणि तरीही नकार येऊ शकतो. म्हणून सध्याच्या ठिकाणी राजीनामा द्यायचा बाकी असेल, तर तो पडताळणी पूर्ण झाल्याचा मेल येईपर्यंत थांबवा. आधीच दिला असेल, तर खुलासा पाठवल्यावर दोन कामाचे दिवस जाऊ द्या आणि मग एकाच ओळीत विचारा: आणखी कुठला कागद हवा आहे का?