लोगो जरा उजवीकडे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पुनर्विकासाचं वारं आलं आणि सर्वसाधारण सभेत दाखवायचं प्रेझेंटेशन माझ्या गळ्यात पडलं. कारण एकच. "तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोस ना?" असं सेक्रेटरी काकांनी लिफ्टमध्ये विचारलं आणि मी बेसावधपणे "हो" म्हणालो.

पाच सभासदांनी आपापल्या स्लाइड्स पाठवल्या. मी त्या एकामागोमाग एक चिकटवल्या. चिकटवताना पॉवरपॉइंट विचारतं, तेव्हा मी दरवेळी सौजन्याने `Keep Source Formatting` निवडलं. म्हटलं, प्रत्येकाने एवढं रंगवून पाठवलंय, कशाला दुखवा! एकूण 42 स्लाइड्स झाल्या. त्यांच्याकडे पाहून त्या एकाच इमारतीतल्या लोकांनी केल्यात यावर कुणाचा विश्वास बसला नसता. (आमच्या सभा पाहिलेल्यांचा बसला असता.)

काकांनी ड्राफ्ट पाहिला. एफएसआयचे आकडे, भाडं, कॉर्पस फंड, कशावरही अवाक्षर नाही. "सोसायटीचा लोगो जरा उजवीकडे घे. आणि सगळीकडे एकसारखा हवा."

त्या रात्री मी 41 स्लाइड्सवर लोगो हाताने सरकवला. सकाळी भराभर स्लाइड्स पुढे नेऊन पाहिल्या, तर लोगो जागच्या जागी थरथरत होता. कुठे दोन मिलिमीटर वर, कुठे एक खाली. थंडी वाजल्यासारखा.

तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू देवासारख्या भेटल्या. काकूंनी पंचवीस वर्षं अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं काम केलेलं. लग्नपत्रिकांपासून गाइडांपर्यंत सगळं. माझा पराक्रम ऐकून त्या नुसत्या बघत राहिल्या. "अरे, प्रत्येक पानावर वेगळा लोगो ठेवतं का कुणी? आम्ही पेजमेकरमध्ये मास्टर पेज करायचो. तुझ्यात पण असणारच."

होतंच. `View` मध्ये जाऊन `Slide Master` दाबलं की डावीकडे एक मोठं चित्र दिसतं आणि त्याला लोंबकळलेली छोटी चित्रं. मोठं चित्र म्हणजे मास्टर, छोटी म्हणजे लेआउट. मास्टरवर जे ठरतं ते लेआउटला मिळतं आणि लेआउटवरचं स्लाइडला. काकूंच्या भाषेत सांगायचं तर सोसायटीचे नियम, मग विंगचे, मग फ्लॅटचे. "आणि फ्लॅटवाल्याने स्वतःची ग्रिल आधीच बसवली असेल," काकू म्हणाल्या, "तर वरचा नियम बदलून तिथे काहीही हलत नाही."

हे वाक्य पुढे तीन रात्री माझ्या कानात घुमत राहिलं.

मास्टरवर लोगो ठेवला, बाहेर आलो. फक्त 9 स्लाइड्सवर आला. बाकीच्यांनी दादच दिली नाही. परत आत जाऊन डावीकडची पट्टी खाली ओढली, तेव्हा माझ्या सौजन्याचं फळ दिसलं. मोठी चित्रं एक नाही, चार होती. `Keep Source Formatting` म्हणजे पाहुणा घरी येताना आपला मास्टरही बरोबर आणतो. पहिल्या चित्रावर माउस नेला तर कळलं की हा फक्त स्लाइड 1 ते 9 पुरताच अध्यक्ष आहे.

मग उरलेल्या स्लाइड्स निवडून `Home` मधल्या `Layout` मधून एकेकीला पहिल्या मास्टरच्या घरात आणलं. बाकीचे तीन मास्टर रिकामे झाल्यावर राइट क्लिक करून काढून टाकले. लेआउट वापरात असेल तर तो काढता येत नाही, एवढा भाडेकरू कायदा तिथेही आहे.

आता लोगो सगळीकडे आला, पण दोन-दोन. एक मास्टरचा आणि एक मी रात्री जागून सरकवलेला, एकावर एक, किंचित हललेले. काकांनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. मास्टरवरचा लोगो साध्या स्लाइडवर निवडताच येत नाही, त्यामुळे जो हाताला लागतो तोच आपला जुना, हे ओळखून 41 वेळा डिलीट दाबलं. पहिल्या स्लाइडवर इमारतीचा फोटो होता, तिथे लोगो नको होता. त्या लेआउटवर `Hide Background Graphics` ला टिचकी मारली, एका झटक्यात गेला. पहिल्यांदाच काहीतरी एका झटक्यात झालं.

फॉन्टने मात्र रडवलं. `Fonts` मधून `Customize Fonts` मध्ये जाऊन मी शीर्षकाचा आणि मजकुराचा फॉन्ट बदलला. इंग्रजी अक्षरं बदलली, इंग्रजी आकडे बदलले, मराठी जिथल्या तिथे ढिम्म. त्या खिडकीत मला दिसत होते ते रोमन लिपीचे फॉन्ट. देवनागरीसाठी फाइलमध्ये वेगळा कप्पा असतो आणि माझ्या कॉम्प्युटरवर तो दिसतच नव्हता. शेवटी मास्टरवरचा मजकुराचा चौकोन निवडून थेट निर्मला यूआय लावला. त्यात देवनागरीही आहे आणि रोमनही, म्हणून दोघंही नांदू लागले.

तरी अर्ध्या स्लाइड्स हटून बसलेल्या. त्या ग्रिलवाल्या. कुणी अक्षर हाताने मोठं केलेलं, कुणी चौकोनच खाली ओढलेला. `Home` मधलं `Reset` दाबलं की असली स्वतंत्र व्यवस्था मोडते आणि स्लाइड मुकाट लेआउटचं ऐकते. पण ते फक्त मूळच्या चौकोनांपुरतं. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशील्या सभासदाने सगळा मजकूर वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये लिहिला होता, त्याला `Reset` स्पर्शही करत नाही. तो मजकूर कापून मूळ चौकोनात बसवावा लागला.

बुलेटचंही तेच. मास्टरवर पाच पातळ्या असतात, प्रत्येकीचं चिन्ह आणि समास तिथेच ठरवायचा, आणि खालच्या पातळीवर जायला ओळीच्या सुरुवातीला टॅब दाबायचा. सेक्रेटरी काकांनी मात्र बुलेट म्हणून वजाबाकीचं चिन्ह टंकलं होतं आणि दुसरी ओळ पहिलीखाली यावी म्हणून स्पेसबार दाबला होता. मी मोजलं, चौदा वेळा. पॉवरपॉइंटच्या लेखी ती बुलेट नाही, नुसतं अक्षर आहे. मास्टरमध्ये चिन्ह बदललं की काकांच्या ओळीला नवं टिंबही येतं आणि जुनं वजाही राहतं. "हे काय, दोन-दोन?" काका म्हणाले. मी काही बोललो नाही.

रविवारी सभा. लोगो जागेवर, टिंबं रांगेत, अक्षरं एकसारखी. मी लोगोशेजारी मास्टरवरच एक छोटा टेक्स्ट बॉक्स टाकून "पुर्नविकास प्रस्ताव" असंही लिहिलं होतं, शोभेला.

तिसऱ्या स्लाइडला मागच्या रांगेतून एक निवृत्त शिक्षिका उठल्या. "रफार 'न'वर नाही, 'वि'वर. पुनर्विकास."

सगळ्यांनी चष्मे सरसावले. चौथी स्लाइड, चूक. पाचवी, चूक. एकेचाळीसच्या एकेचाळीस स्लाइड्सवर, एकाच जागी, एकाच आकारात, चुकीचा रफार.

मी शांतपणे मास्टर उघडला, शब्द दुरुस्त केला, बाहेर आलो. सगळीकडे दुरुस्त. दहा सेकंद लागले असतील.

सेक्रेटरी काका खुर्चीतून पुढे झुकले. "एवढंच होतं, तर चार रात्री काय करत होतास?"