‘८५ टक्के खोट्या’ म्हणणाऱ्यांनी आधी ‘राजीनामा’ समजून घ्या

“४९८-अ च्या ८५ टक्के केसेस खोट्या असतात, हे स्वतः सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. सुनेनं एक अर्ज दिला की त्याच रात्री सासू-सासरे, नणंद सगळे आत, चौकशी नाही काही नाही. खोटं निघालं तरी तिला कोणी विचारत नाही. हा कायदाच बंद करा.”

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर हा मेसेज गेल्या महिन्यात चार वेळा आला, आणि चारही वेळा खाली हात जोडलेले. मी इथल्या जिल्हा कोर्टात एका वकीलसाहेबांकडे २३ वर्षं टायपिंग केलंय. सासरच्या छळाच्या या कलमाचे अर्ज, जवाब, जमानतीचे कागद, सगळं याच बोटांनी टाइप केलंय, दोन्ही बाजूंचं, म्हणून लिहितेय.

आधी तो आकडा. २ जुलै २०१४ ला अर्नेश कुमार विरुद्ध बिहार सरकार या केसमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, आकड्याचं मूळ तिथे आहे. कोर्टानं २०१२ च्या सरकारी आकडेवारीवरून सांगितलं की या कलमात चालान, म्हणजे पोलिसांचं दोषारोपपत्र, पेश होण्याचं प्रमाण ९३.६ टक्के आहे आणि शिक्षा होण्याचं फक्त १५. मग कोणीतरी १०० मधून १५ वजा केले, आणि उरलेल्यांना ‘खोट्या’ म्हणून टाकलं. कोर्टानं ‘सुटतील’ म्हटलं होतं, ‘खोट्या’ म्हटलं नव्हतं. हो, त्याच निकालात नाराज बायका या कलमाचा ढालीऐवजी हत्यारासारखा वापर करतात असंही कडक लिहिलंय, ते मी लपवत नाही. पण सुटणं वेगळं आणि खोटं असणं वेगळं.

हा फरक कसा पडतो ते मी रोज बघायचे. आमच्याकडे मध्यप्रदेशात कोर्टात ‘राजीनामा’ म्हणजे तडजोड, नोकरी सोडणं नाही, महाराष्ट्रातल्या पाहुण्यांचा यात कायम गोंधळ होतो. तर ४९८-अ मध्ये असा राजीनामा खालच्या कोर्टात करता येत नाही, आपल्याकडे हे कलम त्यासाठी बंद आहे. केस मिटवायची असेल तर हायकोर्टात जाऊन ती रद्द करून घ्यावी लागते, आमच्यासाठी इंदूर खंडपीठ, त्याची फी वेगळी, वकील वेगळा, महिने वेगळे. मग लोक काय करतात? बाहेर बसून ठरवतात, संमतीनं घटस्फोट, दागिने परत, अमुक इतके लाख दोन हप्त्यांत, आणि दुसरा हप्ता हातात पडला की मुलगी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून म्हणते की मला कोणी मारलं नाही, वाद किरकोळ होता. सरकारी वकील तिला पक्षविरोधी, म्हणजे फितूर साक्षीदार, घोषित करतो, पाच-दहा प्रश्न विचारतो, आणि आरोपी निर्दोष. कागदावर ती केस ‘सुटका’ म्हणून मोजली जाते. मार खरा होता की नव्हता हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

पोलिसांना तपासात तक्रार खोटी वाटली तर त्याचा रिपोर्ट वेगळा जातो, आमच्याकडे त्याला खारिजी म्हणतात, आणि सरकारी आकडेवारीत त्याचा रकाना वेगळा आहे. त्या रकान्यातला आकडा ८५ टक्क्यांच्या जवळपासही नसतो. ज्या ९३ टक्क्यांत पोलिसांनीच चालान लावलं त्यांतल्या बहुतेक खोट्या, असं म्हणायचं असेल तर दुसरा पुरावा आणा, वजाबाकी नको.

आता अटकेचं. हे २०१४ च्या आधीचं चित्र आहे, आणि तेव्हा ते खरं होतं. त्याच निकालात लिहिलंय की २०१२ साली या कलमात १,९७,७६२ लोकांना अटक झाली आणि त्यातल्या जवळपास पाव बायका होत्या, म्हणजे सासवा नणंदा. म्हणून तर कोर्टानं लगाम घातला. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरळ उचलायचं नाही. ४९८-अ ला जास्तीत जास्त तीन वर्षं. पोलिसांनी आधी नोटीस द्यायची, केस दाखल झाल्यापासून दोन आठवड्यांत. आरोपी बोलावलं तेव्हा हजर राहत असेल तर अटक नाही. तरी करायचीच असेल तर का, हे लेखी लिहायचं, की हा पळून जाईल, पुरावा गायब करेल, मुलीला धमकावेल, असं काहीतरी ठोस. मॅजिस्ट्रेटनं तो कागद वाचूनच पुढची कस्टडी द्यायची. नाही पाळलं तर खात्याची कारवाई आणि अवमाननाही. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आलेत, त्यात ४९८-अ म्हणजे न्याय संहितेचं कलम ८५ आणि ८६, आणि ही नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची.

प्रत्यक्षात कुठलाच थाना चूक करत नाही असं मी म्हणणार नाही. फोनवर ‘सगळ्यांना घेऊन या, नाहीतर गाडी पाठवतो’ म्हणणारे टीआय, म्हणजे थाना प्रभारी, मी ऐकलेत. म्हणून आरोपीच्या घरच्यांना माझं एकच सांगणं असायचं, तोंडी फोन म्हणजे नोटीस नाही, कागद मागा. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेही स्पष्ट केलंय की ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही. कागद मिळाला की मात्र दिलेल्या तारखेला जा, घराला कुलूप लावून गावाला गेलात तर अटकेचं कारण तुम्हीच दिलंत. आणि हुंडाबळीत, म्हणजे लग्नापासून सात वर्षांच्या आत संशयास्पद मृत्यू झाला असेल तर, ही सवलत नाही, तिथे शिक्षाच सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. २०२२ साली देशात हुंडाबळीच्या सहा हजारांहून जास्त केसेस नोंदल्या गेल्या. कायदा बंद करा म्हणताना हा आकडा कोणी फॉरवर्ड करत नाही.

चौकशीशिवाय काही होतच नाही असंही आता नाही. नव्या कायद्यात तीन ते सात वर्षांच्या गुन्ह्यांत डीएसपींच्या परवानगीनं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. आमच्याकडे महिला थान्यात बहुतेक वेळा आधी परिवार परामर्श केंद्रात बसवतातच. माझी तक्रार उलटी आहे, की तिथे कधीकधी मार खाऊन आलेल्या मुलीलाही दोन-तीन तारखा ‘जुळवून घे’ ऐकवत बसवतात. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानंच जिल्ह्याजिल्ह्यात कुटुंब कल्याण समित्या नेमायला सांगितलं होतं, त्यांचा रिपोर्ट येईपर्यंत अटक नाही म्हणून. २०१८ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं तो भाग काढून टाकला, कारण कायद्यात नसलेल्या समितीच्या हातात तपास देता येत नाही.

आता तिसरं, खोटं निघालं तरी तिला कोणी विचारत नाही हे, आणि इथे मला जास्त बोलायचंय, कारण यात थोडी चूक माझ्यासारख्यांचीही आहे.

आमच्या ऑफिसात एक तयार वाक्य होतं, “सभी अनावेदकगण शारीरिक एवं मानसिक रूप से प्रताड़ित करते थे.” मुलगी समोर रडत असायची, बाप म्हणायचा सगळ्यांची नावं टाका म्हणजे दबाव येईल, आणि मी नवरा, सासू, सासरा, दीर, जाऊ, वडोदऱ्याची लग्न झालेली नणंद, तिचा नवरा, सगळे टाइप करायचे आणि खाली तेच वाक्य. त्यातली एक नणंद मला आठवते, आठव्या महिन्याची पोटुशी, प्रत्येक पेशीला वडोदऱ्याहून रात्रीच्या बसनं यायची. भावाच्या लग्नानंतर ती त्या घरात एकूण अकरा दिवस राहिली होती. हायकोर्टानं तिचं नाव काढलं, पण दोन वर्षांनी. तो दुरुपयोगच होता, दुसरा शब्द नाही.

आणि त्यावर इलाज आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये कहकशां कौसर केसमध्ये आणि डिसेंबर २०२४ मध्ये दारा लक्ष्मी नारायण केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं, की नातेवाइकावर कोणतं ठरावीक कृत्य, कधी, कसं, हे नसेल आणि नुसती मोघम ओळ असेल तर केस रद्द. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर न्याय संहितेची २१७ आणि २४८ ही कलमं आहेत. पण ती लावायला मुलगी खोटं बोलली हे सिद्ध व्हावं लागतं, नुसतं तिचं सिद्ध झालं नाही एवढं पुरत नाही, आणि ते तसंच हवं, नाहीतर साक्षीदार नसलेल्या खोलीत मार खाल्लेली कोण तक्रार करेल.

मोघम अर्जानं नुकसान त्या नणंदेचं होतं तेवढंच मुलीचं. शेवटच्या वर्षात सुदामा नगरची एक मुलगी आली होती, सासर ग्वाल्हेरचं, माहेरी निघून आलेली. केस इंदूरलाच टाकता आली, कारण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की हाकलून दिलेली बाई जिथे आसऱ्याला येते तिथेही तक्रार करू शकते. तिचा पहिला अर्ज नऊ नावांचा होता, दुसऱ्याच कोणीतरी लिहून दिलेला. मी तिला बाजूला बसवून वही दिली आणि म्हटलं, बाळा, प्रत्येक नावापुढे लिही यानं काय केलं, कोणत्या दिवशी, तू कुठे उभी होतीस. तासाभरानं सहा नावांपुढे काहीच नव्हतं. मावससासऱ्यापुढे तिनं लिहिलं होतं, “लग्नात टोमणा मारला.”

राहिली तीन नावं, पण त्यांच्यापुढे काय काय निघालं. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी चार लाख मागितले, त्यातले दीड लाख तिच्या बाबांनी नवऱ्याच्या खात्यात टाकले, बँकेच्या स्टेटमेंटवर तारीख आहे. उरलेल्या अडीचसाठी सासूचे व्हॉइस मेसेज. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी कानाखाली मारली आणि कान वाहायला लागला, डॉक्टरची चिठ्ठी आहे, पण त्यात ‘पडली’ असं लिहिलंय कारण नवरा शेजारी उभा होता. आम्ही तेही तसंच लिहिलं, की चिठ्ठीत असं आहे आणि का आहे. सासऱ्यानं बांगड्या लॉकरमध्ये ठेवून किल्ली दिली नाही, तो स्त्रीधनाचा वेगळा मुद्दा. नऊ पानांचा अर्ज अडीच पानांचा झाला. परामर्श केंद्रात दोन बैठका झाल्या, नवरा दुसऱ्या बैठकीला आलाच नाही, मग एफआयआर. तिघांना नोटीस गेली, तिघे हजर झाले, कोणालाच अटक झाली नाही, आणि तरी चालान तिघांवर लागलं, कारण प्रत्येक ओळीखाली एक कागद होता.

मधे राजीनाम्याचं बोलणं आलं होतं, रक्कमही चांगली होती. तिनं अजून हो म्हटलेलं नाही. व्हॉइस मेसेज असलेल्या फोनची स्क्रीन फुटलीये, बाबा नवा घेऊन देतायत, तर म्हणाली नवा घेईन पण हा विकायचा नाही, रिसेट करायचा नाही, कोर्टात मूळ फोन मागतील. जुन्या रुमालात गुंडाळून आईच्या कपाटात ठेवलाय.