कराराची प्रत परत न येण्याची खात्रीशीर पद्धत

सही केलेली प्रत ठरल्या तारखेला परत आली, तर घरमालकाला भाडेकरूला रोज फोन करायला कारण उरणार नाही. तेव्हा प्रत पाठवण्यापूर्वी थोडी तयारी करा.

सुरुवात पत्त्यापासून. पाकीट भाड्याने दिलेल्या घराच्याच पत्त्यावर पाठवा. भाडेकरू तिथे अजून राहायला आलेला नाही आणि किल्ली तुमच्याच खिशात आहे, याकडे दुर्लक्ष करा. कुरियरवाला कुलूप पाहून परत जाईल, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच कुलूप पाहील आणि पाकीट तुमच्याकडे परत येईल. ही एकमेव प्रत आहे जी नक्की परत येते, फक्त सहीशिवाय. भाडेकरूचा सध्याचा पत्ता आणि चालू फोन नंबर पाकिटावर लिहिण्याचा मोह आवरा.

आता मुदत. शुक्रवारी, ५ तारखेला पाकीट द्या आणि सोबतच्या पत्रात लिहा, ‘१० तारखेपर्यंत सही करून परत करावी.’ पाच दिवस ऐकायला भरपूर वाटतात. पाकीट शुक्रवारी संध्याकाळी स्वीकारलं गेलं, तर ते शनिवारी निघतं. रविवार सुट्टीचा. सोमवारी भाडेकरू कामावर, दार बंद. मंगळवारी पाकीट हातात पडतं. त्याने त्याच रात्री सगळा करार वाचून सह्या केल्या (असे भाडेकरू असतात, पण त्यांच्यावर विसंबू नये) आणि बुधवारी, १० तारखेला पाकीट परत पाठवलं, तरी तुम्हाला ते शुक्रवारी मिळणार. तुम्ही म्हणाल मुदत चुकली, तो १० तारखेची पावती दाखवेल. दोघंही बरोबर, कारण ‘परत करावी’ म्हणजे रवाना करावी की पोहोचावी, हे तुम्ही मुद्दाम मोघम ठेवलं होतं. ‘१६ तारखेला संध्याकाळपर्यंत माझ्या हाती पोहोचावी’ असं लिहिलं असतं आणि जाण्याचे, येण्याचे, एका चुकलेल्या फेरीचे व वाचण्याचे दिवस धरले असते, तर वादच उरला नसता. हा धोका पत्करू नका.

किती प्रती पाठवाव्यात? एकच. दोन पाठवल्या तर भाडेकरू एक स्वतःकडे ठेवून दुसरी लगेच परत करेल. एकच असेल तर ती सोडायला तो कचरेल, कारण हातून गेली की त्याच्याकडे कागद म्हणून काहीच राहणार नाही. त्यातून तुम्ही आधी सही केलेली नसेल तर फारच छान. आपण सही करून द्यायची आणि समोरचा कधी करेल कोण जाणे, या विचारात तो आठवडा सहज काढतो.

सही कुठे करायची, हे सांगायचं नाही. नऊ पानी करारात प्रत्येक पानाच्या तळाशी छोटी सही आणि शेवटी पूर्ण सही लागते, पण पेन्सिलीने फुली मारून जागा दाखवली की माणूस सगळीकडे नीट सह्या करून मोकळा होतो. फुल्या नसल्या की तो फक्त शेवटच्या पानावर सही करतो. मग भाडं आणि अनामत रक्कम लिहिलेलं चौथं पान नंतर बदललं गेलं का, हा वाद कधीही काढता येतो, आणि तो दोन्ही बाजूंना काढता येतो. साक्षीदाराची ओळ कोरी ठेवा. सही होताना जो हजर होता त्यानेच तिथे सही करायची असते, हे पत्रात आलं तर भाडेकरू शेजाऱ्याला बोलावून काम उरकेल. परिशिष्टात ‘पंखे ____, दिवे ____, चाव्या ____’ या जागाही रिकाम्या सोडा. घर सोडताना त्या भरायला दोघांनाही उत्साह असतो.

कुरियरच्या पावतीचा फोटो काढू नका. तो चकचकीत कागद खिशातल्या पाकिटात, उन्हात किंवा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला की काही महिन्यांत त्यावरची अक्षरं पुसट होतात. पाकीट कधी पाठवलं, याचा पुरावा आपोआप मिटतो.

एवढं करूनही प्रत परत आलीच, तर ती उघडून शेवटचं पान पाहा. सही आहे? फाईलमध्ये टाका. पाठवलेल्या मजकुराची प्रत शेजारी ठेवून पानं ताडून पाहण्याचे कष्ट घेऊ नका. घर रिकामं करून घ्यायची वेळ येईल तेव्हा फाईल उघडालच. पाचव्या पानावर, नोटिशीच्या कलमात ‘दोन महिने’ खोडून ‘एक महिना’ लिहिलेलं असेल, बाजूला भाडेकरूची छोटी सही, तारीख, सगळं निळ्या शाईत व्यवस्थित. तुमची छोटी सही त्या बदलाशेजारी नाही, म्हणून तुम्हाला तो मान्य नाही. आणि बदल केलेली प्रत मिळूनही तुम्ही इतके महिने हू की चू केलं नाही, म्हणून भाडेकरूला वाटतंय, तो तुम्ही केव्हाच मान्य केलाय.