पाण्यात फुगलेलं सोयाबीन उगवतंच असं नाही

«कास्तकार बंधूंनो, बियाणं तपासायला लॅबची गरज नाही. रात्रभर पाण्यात टाका. तरंगलं ते मेलेलं, बुडून फुगलं ते सगळं उगवणार. काढणीनंतर लगेच कोंब येत नसेल तर ते बियाणं कायमचं बाद समजा. निळ्या टॅगच्या बॅगवर ७० टक्के लिहितात, म्हणजे शंभरात तीस दाणे मेलेले विकतात. आणि टॅग तर पैसे भरले की मिळतो. सगळ्या ग्रुपवर पाठवा.»

«सर, हे खरं आहे का? बाबा शनिवारी घरचं सोयाबीन पाण्यात टाकणार आहेत.»

आधी बाबांना फोन कर आणि सोयाबीन पाण्यात टाकू देऊ नकोस. बाकीचं सावकाश वाच.

पाण्यात तरंगण्याची गोष्ट धानाकडून आली असावी. भंडारा-गोंदियाकडे पऱ्हे टाकण्याआधी मिठाच्या पाण्यात धान घालून पोचट दाणे वेगळे काढतात. तिथे ते बरोबरच आहे. पण त्यातून दाणा भरलेला आहे की पोकळ एवढंच कळतं. भरलेला दाणा जिवंत आहे की नाही हे पाणी सांगू शकत नाही, कारण मेलेला दाणासुद्धा वजनदार असतो आणि तोही पाणी पिऊन फुगतो. फुगणं ही साधी भौतिक क्रिया आहे. कोरडी प्रथिनं आणि पिष्ट पाणी ओढून घेतात, त्यासाठी जीव लागत नाही.

सोयाबीनच्या बाबतीत तर गोष्ट आणखी उलटी आहे. त्याचं साल कागदासारखं पातळ असतं आणि मूळ होणारा भाग त्या सालाच्या लगेच खाली असतो. मळणीयंत्र जोरात फिरवलं, पोतं ट्रॉलीवरून आपटलं, की सालाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. असा दाणा पाण्यात टाकला की पाच-दहा मिनिटांतच टम्म फुगतो. चांगल्या सालाचा दाणा हळूहळू पाणी घेतो. म्हणजे मेसेजमध्ये ज्याला सर्वांत चांगला दाणा म्हटलंय, तो बऱ्याचदा मळणीत मार बसलेला असतो. प्रयोगशाळेत सालाची इजा शोधायला हीच युक्ती वापरतात. सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात दाणे थोडा वेळ ठेवायचे आणि लवकर फुगलेले मोजायचे. ती इजेची चाचणी आहे, उगवणीची नव्हे.

शिवाय रात्रभर बुडवून ठेवलेलं सोयाबीन पेरायच्या कामाचं राहत नाही. उन्हाळ्यात वाळून कोरडा पडलेला दाणा एकदम पाण्यात गेला की पेशींची पातळ आवरणं फाटतात, आतली साखर बाहेर झिरपते, पाणी गढूळ होतं. वर हवाही मिळत नाही. जिवंत दाणा तपासता तपासता आपणच मारतो.

आता खरी चाचणी काय असते ते बघ. मागच्या वर्षी आपल्याच प्रात्यक्षिकात एका मुलाने घरचं सोयाबीन आणलं होतं. रंग पिवळाधमक, पाण्यात जवळजवळ सगळं बुडालेलं. त्यातल्या शुद्ध दाण्यांतून न निवडता, सरसकट मोजून ४०० घेतले. न निवडता हे महत्त्वाचं, कारण सुबक दाणे हात आपोआप उचलतो आणि मग उत्तर आपल्या मनासारखं येतं. शंभर-शंभरचे चार भाग केले, ओल्या उगवण कागदाच्या गुंडाळ्यांत ठेवले, २५ अंशांना. पहिली मोजणी पाचव्या दिवशी, शेवटची आठव्या दिवशी. चार भागांत निरोगी रोपं आली ६४, ५८, ६३ आणि ५९. बेरीज २४४, सरासरी ६१ टक्के. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांच्यातला फरक ६. या सरासरीला १९ पर्यंतचा फरक चालतो, म्हणून निकाल धरायला हरकत नव्हती. फरक त्याहून जास्त आला असता तर कागद कमी-जास्त ओला होता का, दाणे नीट मिसळले होते का हे बघून चाचणी पुन्हा करावी लागली असती.

पण खरी माहिती उरलेल्या ३९ मध्ये होती. १७ दाणे मेलेले निघाले: मऊ, बुरशी आलेले, दाबले की आतून गळणारे. २२ मात्र उगवले होते! कोंब आला होता, पण कुणाचं मूळ खुंटलेलं, कुणाच्या दोन्ही डाळिंब्या तुटलेल्या, कुणाचा शेंडाच नाही. यांना विकृत रोपं म्हणतात आणि उगवणीत धरत नाहीत, कारण शेतात ती उभी राहत नाहीत. कोंब दिसला की उगवला, ही चूक घरी गोणपाटावर तपासतानाही होते. इतकी विकृत रोपं दिसली की बोट मळणीकडे दाखवायचं. विचारलं तेव्हा कळलं, पावसाच्या भीतीने यंत्र पूर्ण वेगात चालवलं होतं. बियाण्याचं सोयाबीन १३ ते १४ टक्के ओलाव्याला, मिनिटाला साधारण ३५० ते ४०० फेऱ्यांवर मळायचं असतं.

या बियाण्याचं करायचं काय? ७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो धरतात. ६१ टक्क्यांना ३० गुणिले ७० भागिले ६१, म्हणजे साडेचौतीस किलोच्या आसपास. हिशोब जमतो, पण इतका मार खाल्लेलं बियाणं पेरणीनंतर पावसाने दडी मारली किंवा वर पापडी धरली की हिशोबाच्याही खाली जातं. मी त्याला ते बाजारात विकायला सांगितलं.

ताज्या बियाण्याला कोंब न येण्याचा मुद्दा घे. इथे पीक कोणतं हे आधी विचारायचं. साकोलीकडची तुझी वर्गमैत्रीण आठवते? तिने नोव्हेंबरमध्ये बांधीतून नुकतंच आलेलं धान तपासलं. चौदा दिवसांनी १०० मध्ये निरोगी रोपं ४१, विकृत ३, मेलेले ६. उरलेले ५० दाणे ना उगवले ना सडले. दाबून बघितले तर टणक. पाणी पिऊनही शाबूत राहिलेला असा दाणा मेलेला नसतो, झोपलेला असतो. हीच सुप्तावस्था. धानात ती काही अंशी तुसामुळे, काही अंशी आतल्या रोधक द्रव्यांमुळे येते आणि वाणागणिक काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत टिकते. कास्तकाराच्या ती फायद्याची आहे. लोंबी पिकली असताना पाऊस आला तर ज्या वाणाला सुप्तावस्था नाही, त्याचे दाणे उभ्या पिकातच कोंब काढतात.

तिच्याच धानाचा दुसरा नमुना आम्ही ओव्हनमध्ये ५० अंशांना पाच दिवस ठेवला आणि मग कागदावर लावला. निरोगी ८८, विकृत ४, मेलेले ७, टणक फक्त १. पहिल्या निकालावरून तिच्या घरच्यांनी ते धान भरडायला दिलं असतं. घरी ओव्हन नसला तरी चालतं. उन्हाळाभर ठेवून पऱ्हे टाकायच्या आधी पुन्हा तपासायचं, तोवर झोप उतरलेली असते. थांबायला वेळ नसेल तर प्रयोगशाळेत टेट्राझोलियमची चाचणी करतात. दाणा उभा चिरून त्या द्रावणात ठेवला की जिवंत अंकुराचा भाग लाल होतो, मेलेला पांढरा राहतो.

मात्र हीच गोष्ट सोयाबीनला लावू नकोस. सोयाबीनला अशी सुप्तावस्था जवळजवळ नसतेच. जूनमध्ये सोयाबीन उगवलं नाही आणि कुणी «सुप्तावस्था असेल, पाऊस पडू द्या» म्हणालं, तर ते खरं मानायचं नाही. तोवर दाणा जमिनीत सडून जातो आणि दुबार पेरणीची वेळही निघून जाते.

टॅगवरचा ७० हा आकडा त्या बॅगेचा निकाल नाही. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची ती किमान मर्यादा आहे. लॉट ८४ टक्के उगवला असला तरी पास, ७१ असला तरी पास, ६९ ला नापास. धानाला हीच मर्यादा ८० आहे, हरभऱ्याला ८५. सोयाबीनला कमी ठेवली कारण त्या पातळ सालामुळे ते साठवणीत लवकर उतरतं. आणि उरलेले सगळे मेलेले नसतात, हे त्या २२ विकृत रोपांवरून तुला कळलंच.

पैसे भरावे लागतात हे खरं आहे, तपासणीचं शुल्क असतं. पण पैसे भरून नोंदणी होते, टॅग नाही. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा टॅग, त्यापासून पायाभूत, त्याला पांढरा, आणि पायाभूतपासून प्रमाणित, त्याला निळा. आपल्या राज्यात पायाभूत आणि प्रमाणित बियाण्याच्या तपासणीचं काम अकोल्याची महाराष्ट्र राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणा करते. सोयाबीनचा प्लॉट घेतला तर आधी पायाभूत बियाण्याचे टॅग आणि बिल दाखवावं लागतं. मग शेताची तपासणी: दुसऱ्या वाणापासून ३ मीटर अंतर आहे का, आणि फुलांचा रंग, शेंगांवरची लव बघून भेसळीची झाडं किती. प्रमाणित प्लॉटमध्ये ती अर्ध्या टक्क्याच्या वर गेली की प्लॉट बाद. बरेच प्लॉट धुऱ्याच्या बाजूला मागच्या वर्षीचे दाणे उगवल्यामुळे अडकतात. त्यानंतर काढणी, चाळणी, नमुना, प्रयोगशाळा, आणि शेवटी टॅग लावून सील.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत आणि त्या लपवायचं कारण नाही. २०० क्विंटलपर्यंतच्या लॉटमधून प्रयोगशाळेत जातो तो किलोभराचा नमुना, आणि उगवणीला लागतात त्यातले ४०० दाणे. निकाल त्या दिवसापुरता असतो. टॅगची मुदत तपासणीच्या तारखेपासून ९ महिने, पण बॅग मे महिन्यात टिनाच्या गोदामात दहा-बाराच्या थप्पीखाली पडली असेल तर मुदत संपण्याआधीच ती ७० च्या खाली येऊ शकते. हिरव्या टॅगच्या बॅगला तर यंत्रणेची तपासणीच नसते. तिच्यावरचा आकडा विकणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलेला असतो.

म्हणून विकतची बॅग असो की घरचं चुंगडं, पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी बाबांना गोणपाट ओलं करून पसरायला सांग. वरून, मधून, तळातून मूठ-मूठ घेऊन मिसळायचं, न निवडता शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत ठेवायचे, दुसरं ओलं गोणपाट झाकून सैल गुंडाळायचं, सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं पण साचू द्यायचं नाही. असं तीनदा करायचं आणि सरासरी काढायची. सात-आठ दिवसांनी मूळ आणि शेंडा दोन्ही धड असलेलीच रोपं मोजायची. विकतच्या बॅगेचा टॅग, पिशवी, बिल आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवायचं. शेतात उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे लॉट नंबर दाखवायला तेच कामी येतं.