जुना फोन रिसेट करायच्या आधी क्लाउडमध्ये काय पोचलंय ते ब्राउझरमध्ये बघा

फोनचा ब्रँड बदलला की बहुतेक जण एकच करतात. नव्या फोनवर जुन्या गूगल खात्याने लॉगिन करायचं, फोटो दिसले, नावं दिसली, की जुना फोन रिसेट करून देऊन टाकायचा. माझं ठाम मत आहे की नव्या फोनवर काय दिसतंय यावरून काहीच ठरवू नये. क्लाउडमध्ये खरोखर काय पोचलंय ते कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये contacts.google.com आणि photos.google.com उघडून बघावं. तिथे जे नाही ते पोचलेलं नाही, आणि रिसेट केल्यावर ते परत मिळत नाही.

आधी नंबरांचं बघू, कारण गोंधळ तिथे जास्त होतो. फोनमधली यादी एकच दिसत असली तरी नावं वेगवेगळ्या जागी साठवलेली असतात: काही फोनच्या मेमरीत, काही सिमवर, काही त्या ब्रँडच्या स्वतःच्या खात्यात आणि काही गूगल खात्यात. गूगलच्या क्लाउडवर आपोआप फक्त शेवटची जातात. समजा, फोनमध्ये ६१२ नावं दिसतात आणि ब्राउझरमध्ये ३८८. उरलेली २२४ हरवलेली नाहीत, ती दुसऱ्या जागी आहेत. जुन्या फोनच्या कॉन्टॅक्ट्स अॅपमध्ये यादी खात्यानुसार गाळून बघा. फोनवर १९० आणि सिमवर ३४ निघाली की हिशेब जुळला. दोनचार नावांचा फरक राहिला तर घाबरू नका, एकाच माणसाच्या दोन नोंदी फोन एकत्र जोडून दाखवतो. शंभर-दोनशेचा फरक मात्र सोडून देऊ नका.

ही नावं हलवायची तर कॉन्टॅक्ट्स अॅपच्या सेटिंगमध्ये Export शोधा. फोन आणि सिम दोन्ही निवडा, .vcf फाइल तयार होईल. ती गूगल ड्राइव्हवर चढवा, कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि contacts.google.com वर Import करा. सगळी नावं आधी सिमवर कॉपी करायची जुनी पद्धत आता सोडलेली बरी. सिमवर जागा मोजकी असते, लांब नावं कापली जातात, आणि फोटो, पत्ता, वाढदिवस तर तिथे जातच नाहीत.

नावं देवनागरीत सेव्ह केली असतील तर एक गोष्ट आवर्जून बघा. बरेच फोन .vcf फाइलमध्ये देवनागरी अक्षरं सांकेतिक रूपात लिहितात. ‘आई’ हे नाव फाइलमध्ये असं दिसतं:

```
N;CHARSET=UTF-8;ENCODING=QUOTED-PRINTABLE:;=E0=A4=86=E0=A4=88;;;
```

फाइलमध्ये असं दिसणं बरोबरच आहे, ती बिघडलेली नाही. पण Import झाल्यावर यादीत नावाच्या जागी हीच =E0=A4 ची माळ दिसली, तर समोरच्या अॅपला ती वाचता आलेली नाही. अशा वेळी एकेक नाव दुरुस्त करत बसू नका. contacts.google.com वर Undo changes आहे, त्याने यादी मागच्या ३० दिवसांतल्या कुठल्याही क्षणाला होती तशी करता येते. मागे जा आणि दुसऱ्या अॅपमधून Export करून बघा.

आता फोटो. गूगलची १५ जीबी मोफत जागा फक्त फोटोंची नाही, जीमेल आणि ड्राइव्हही त्यातच बसतात. १ जून २०२१ पासून कमी दर्जात चढवलेले फोटोही त्यातच मोजले जातात. मेल आणि ड्राइव्हने ६ जीबी व्यापली असेल आणि फोनमध्ये ११ जीबी फोटो-व्हिडिओ असतील, तर ९ जीबी जागेत ते मावणार नाहीत. वाईट म्हणजे जागा भरली की बॅकअप थांबतो आणि मेल येणंही बंद होतं. त्यामुळे हा हिशेब सुरुवातीलाच करा. Storage saver निवडलं तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो आणि १०८०पीपेक्षा मोठे व्हिडिओ लहान होतात, बाकीचेही दाबले जातात. जुना फोन हातातून जाणार असेल तर मी हा पर्याय सुचवणार नाही, कारण मूळ फोटो मग कुठेच उरत नाहीत. त्यापेक्षा मोठे व्हिडिओ केबलने कॉम्प्युटरवर काढा आणि फोटो Original quality मध्ये चढवा. किंवा एखाद्या महिन्यापुरती जागा विकत घ्या.

वेळेचा अंदाज अपलोडच्या वेगावरून काढा, डाउनलोडच्या नाही. १० एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला साधारण सव्वा एमबी, म्हणून ९ जीबीला दोन तास धरा, तेही वाय-फाय सलग चालला तर. बरेच फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अॅप बंद करतात आणि बॅकअप अर्ध्यात अडकतो. फोन चार्जिंगला लावा, त्या अॅपचं बॅटरीचं बंधन काढा आणि गूगल फोटोज उघडंच ठेवा. वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टॅप केलं की किती बाकी आहे ते कळतं.

पण तिथे ‘पूर्ण’ दिसलं तरी काम झालं असं धरू नका. कॅमेऱ्याचे फोटो आपोआप जातात, व्हॉट्सअॅपमधून आलेले आणि स्क्रीनशॉट जात नाहीत. त्यांची फोल्डरं Back up device folders मध्ये एकेक चालू करावी लागतात. लग्नाचे, बारशाचे कितीतरी फोटो आपल्याकडे फक्त व्हॉट्सअॅपवरून आलेले असतात, आणि नेमके तेच मागे राहतात. Locked Folder मधले फोटोही वेगळा बॅकअप चालू केल्याशिवाय जात नाहीत.

नव्या फोनवर लॉगिन केलं की अॅपमध्ये सगळे फोटो दिसतात, पण ते फोनमध्ये आलेले नसतात. विमान मोड लावा, चार वर्षांपूर्वीचा एखादा फोटो उघडा आणि झूम करा. धूसर राहिला तर फोनमध्ये फक्त लहानशी प्रत आहे, मूळ फोटो क्लाउडवरच आहे. तो फोनमध्येच हवा असेल तर निवडून डाउनलोड करावा लागतो. आयफोनवर गेलात तर हेच लागू आहे. तिथे नावांसाठी कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये गूगल खातं जोडून Contacts चालू करायचं. आयक्लाउडच्या मोफत ५ जीबीत सगळे फोटो पुन्हा ठेवायचा विचार मात्र करू नका, मावणार नाहीत.

सगळ्यात मोठं नुकसान शेवटी होतं. जुना फोन रिकामा करायला म्हणून लोक त्यातल्या गूगल फोटोजमध्ये सगळे फोटो निवडून डिलीट करतात. क्लाउडवरचे फोटो तिथून जातात आणि नव्या फोनवरूनही गायब होतात. बॅकअप झालेले फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये असतात, तेवढ्यात परत आणता येतात, त्यानंतर नाही. जुन्या फोनमधला एकही फोटो हाताने पुसू नका. ब्राउझरमध्ये मोजणी जुळली की सेटिंगमधून गूगल खातं काढा आणि मग फोन रिसेट करा. रिसेटने क्लाउडला धक्का लागत नाही, आणि खातं आधी काढलेलं असलं की पुढच्या माणसाला फोन तुमचा पासवर्ड मागत नाही.