चेन लावलेली आहे

पुरुषाच्या पॅन्टची चेन उघडी राहिली तर ते त्याला कसं कळवायचं, याची आपल्याकडे पक्की रीत आहे. मित्र मोठ्यानं "पोस्ट ऑफिस उघडं आहे" म्हणतात, बायको डोळे मोठे करते आणि अनोळखी गृहस्थ खोकतात. पण चेन वरपर्यंत नीट लावलेली असूनही ती उघडी दिसत असेल, तर काय करायचं हे कुणीच ठरवलेलं नाही. मी भाचीच्या लग्नात नवीकोरी करडी पॅन्ट घालून हा पेच सोसला. मुलीचा मामा म्हणून मंगलाष्टकांना तिच्या पाठीशी उभा होतो, म्हणजे नेमका कॅमेऱ्यासमोर. आधी व्याही खोकले. मग भटजींनी एका कडव्याच्या शेवटी माझ्याकडे पाहून खाली पाहिलं. अक्षतांची मूठ तशीच ठेवून मी डाव्या हातानं चाचपलं, तर चेन बंद! पाच मिनिटांनी बायकोचे डोळे मोठे झाले. "अहो, लावा ना!" "लावलीये गं!" हा संवाद सावधानच्या गजरात झाला, म्हणून फक्त पहिल्या दोन रांगांनीच ऐकला.

पंगतीला बसलो तेव्हा खरा प्रकार दिसला. उभं असताना डावी बाजू कशीबशी चेनवर झाकण धरत होती. बसल्याबरोबर कापड दोन्हीकडे ओढलं गेलं आणि मधून चेनचे पितळी दात लखलखू लागले. मठ्ठा वाढणाऱ्या मुलानंही क्षणभर पळी थांबवली. मी मांडीवर रुमाल पसरून जेवलो.

लग्नाचा शीण उतरल्यावर ती पॅन्ट घेऊन आमच्या गल्लीतल्या मास्तरांकडे गेलो. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक मशीन, एक इस्त्री आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्यांनी आधी रनरची जीभ वरखाली केली. ती खाली पाडली की आतला बारीक काटा दातांत अडकतो आणि रनर जागेवर राहतो. जीभ वर उभी राहिली तर चालता चालता चेन आपोआप उतरते. "अर्ध्या तक्रारी इथंच संपतात," ते म्हणाले. माझी संपली नाही. काटा धड होता.

मग त्यांनी पॅन्ट टेबलावर सपाट पसरली, चेन बंद केली आणि डावी कड बोटानं हलकेच उचलली. खाली लगेच दात. त्यांनी टेप लावायचेही कष्ट घेतले नाहीत. "साहेब, उजवीला वाढ दिलेलीच नाही."

मी पन्नाशी ओलांडेपर्यंत समजत होतो की चेन पॅन्टच्या बरोबर मध्ये असते. ती मध्ये नसते. मध्ये असतो तो फक्त देखावा. पॅन्टच्या दोन्ही पुढच्या भागांवर मास्तर खडूनं मधली रेघ मारतात. डावा भाग वर येतो, त्याची कड बरोबर या रेघेवर दुमडलेली असते आणि तिच्या आत साधारण दोन इंच रुंदीची वेगळी पट्टी जोडलेली असते. उजवा भाग खाली राहतो, आणि तो रेघेवर दुमडायचा नसतो. त्याची कड रेघेच्या दोन सूत पुढे, म्हणजे पाव इंच पुढे ठेवायची आणि चेनची एक बाजू त्या कडेला शिवायची. चेन लावली की डावीची रेघ उजवीच्या रेघेवर येते आणि दात आपोआप पाव इंच आत, डाव्या भागाच्या पोटाखाली जातात. माझ्या पॅन्टमध्ये दोन्ही बाजू रेघेवरच दुमडलेल्या होत्या. दात थेट दारात उभे. भटजींची नजर का घसरली ते आता कळलं. पाव इंचानं माझी अब्रू गेली होती.

"मग डावीकडची चेन जरा आत सरकवा की," मी म्हणालो. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. असं करणारे बरेच असतात म्हणे. डावीकडची चेन आतल्या पट्टीवर आणखी खोल शिवली की झाकण वाढतं खरं, पण डावी कड मध्यरेघ ओलांडून उजवीकडे जाते. कंबर तेवढी घट्ट होते. खाली दोन्ही पाय जुळतात तिथली काट्याची शिवण मात्र होती तिथंच असते, म्हणून चेनच्या तळाशी कापड तिरपं ओढलं जातं आणि तिथून एक चुणी मांडीकडे निघते. "कंबर कमी करायला जागा आहे का तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं. माझ्या पोटाकडे बघून विचारलं, त्यामुळे उत्तराची वाट पाहिली नाही.

सुदैवानं उजव्या कडेला आत चार सूत कापड दाबलेलं होतं. त्यातलं दोन सूत सोडलं की काम होणार होतं. सोडलेल्या भागावर सुईची जुनी भोकं दिसली असती, पण तो भाग आता डावीच्या खाली लपणार होता. मास्तर उसवायला बसले आणि मी स्टुलावर.

कमरेची पट्टी, म्हणजे बेल्ट, पुढं दोन्हीकडे सुटला, चेन सुटली आणि त्याबरोबर आतली एक दुहेरी पट्टी बाहेर आली. कारखान्यात हिला शील्ड म्हणतात. मास्तर नुसतं 'आतली' म्हणतात. उजवीकडे चेनच्या मागे शिवलेली ही पट्टी आपल्या अंगाला लागून असते आणि तिचं काम एकच: चेन आणि माणूस यांना एकमेकांपासून दूर ठेवणं. शर्टाचं टोक, बनियनची कड किंवा त्याहून नाजूक काही दातांत सापडू नये म्हणून ती दातांच्या पुढे चांगली पाऊण इंच जावी लागते आणि खाली चेनच्या शेवटाच्याही खाली पोचावी लागते. माझी पट्टी दातांच्या जेमतेम बरोबरीला होती. लग्नाआधी घरी घालून बघताना शर्ट दोनदा अडकला होता, त्याचा दोष मी शर्टाला दिला होता. मास्तरांनी खिशाच्या जाड कापडाची नवी पट्टी कापली, तिची बाहेरची कड इंटरलॉक केली आणि उजवी कड, चेन आणि ही पट्टी अशी तिन्ही एकत्र, दातांना अगदी खेटून शिवली. त्यासाठी सुईशेजारी कापड दाबून धरणारा मशीनचा दाब बदलून अर्धा दाब लावला. पूर्ण दाब दातांवर चढतो आणि शिवण नागमोडी होते.

चेनही त्यांनी नवी घेतली, तीही गरजेपेक्षा दोन इंच लांब. मी हिशेबी माणूस, मी विचारलंच. लांब चेनचा रनर कमरेच्या वर ओढून ठेवता येतो, मग शिवताना तो दाबाखाली गाठ करत नाही. जास्तीची चेन शेवटी कापायची. मात्र त्याआधी रनर खाली आणायचा आणि बेल्टची शिवण दातांवरून घालून वरचं तोंड बंद करायचं. आधी कापली की रनर हातात येतो, पॅन्ट वेगळी.

आता डावी बाजू. मास्तरांनी चेन बंद केली, रेघेवर रेघ ठेवून डावी कड कच्च्या टाक्यांनी उजवीवर बसवली आणि सगळं उलटं केलं. चेनची मोकळी बाजू जिथं पडली तिथंच, ओढाताण न करता, डावीच्या आतल्या पट्टीवर दोन टाक्यांच्या रांगांनी शिवली. पट्टीवरच, वरच्या कापडाला सुई लागू न देता. इथं चेन ताणली किंवा कापड ताणलं की पुढं आयुष्यभर तिथं लाटा येतात, कारण चेनची फीत ताणत नाही आणि कापड ताणतं.

मग आला तो प्रसिद्ध वळणाचा टाका, पॅन्टच्या पुढे इंग्रजी जे सारखा दिसणारा. ही नक्षी नाही, डावा भाग आणि त्याची आतली पट्टी यांना हाच टाका एकत्र धरतो. तो कमरेपासून सरळ खाली येतो आणि चेनच्या शेवटच्या स्टॉपरच्या खालून वळून काट्याच्या शिवणीला मिळतो. वळण वर झालं तर सुई धातूवर बसते आणि तुटते. एरवी मास्तर वळणासाठी लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा साचा वापरतात, दीड इंच रुंद. माझ्या पॅन्टवरचं वळण सव्वा इंचाचं होतं आणि मध्येच पोट काढलेलं. पण टेरिकॉटवर पडलेलं भोक बुजत नाही. नवं वळण बाहेरून घातलं असतं तर जुन्या भोकांची रांग आत दिसत राहिली असती. म्हणून मास्तरांना त्याच भोकांवरून शिवावं लागलं, दुसऱ्याच्या अक्षरात सही करावी लागते तसं. ते खालून वर निघाले, म्हणजे पुढं ढकललं जाणारं कापड बेल्टमध्ये जाऊन जिरतं. वळणावर पाय सोडून चाक हातानं फिरवलं. सुई कापडात, दाब वर, कापड जरासं वळव, दाब खाली, एक टाका. एवढा वेळ कुणाचंच तोंड चाललं नाही. माझंही नाही, हे बायकोला खरं वाटलं नाही.

हा टाका घालण्याआधी त्यांनी एक गोष्ट न चुकता केली होती: उजवीकडची आतली पट्टी बाजूला दुमडून टाचणीनं अडकवली. "हिला विसरलात तर काय होतं सांगू?" आणि मग त्यांचा एक शिकाऊ पोरगा निघाला. त्यानं एकदा पट्टी न दुमडताच वळण मारलं. टाका पट्टीसकट बसला. पॅन्ट देखणी झाली, चेन सुरेख वरखाली व्हायची, पण उघडली की मागं भिंत! गिऱ्हाईक नवी पॅन्ट घालून एसटीनं परगावी गेलं. वाटेत एका थांब्यावर घाईनं उतरलं आणि तिथं उभं राहिल्यावर त्याला हा शोध लागला. परत आलं तेव्हा ते धोतरात होतं.

वळण झाल्यावर टाचणी काढून पट्टी परत चेनमागे आणली आणि आता मात्र सगळ्या थरांतून, वळणाच्या तळाशी, दाट टाक्यांची छोटी आडवी गाठ मारली. बारटॅक. चेन उघडताना सगळा ओढा तिथं येतो. ती नसली की आधी वळणाचा टाका उसवतो, मग शिवण. माझ्या पॅन्टमध्ये ती नव्हती, म्हणजे लग्नात जे दिसलं ते थोडक्यात निभावलं होतं.

"घाला आणि बसा." मी पडद्यामागे जाऊन आलो आणि स्टुलावर बसलो. मास्तरांनी समोर उकिडवं बसून बारकाईनं तपासलं. जिन्यावरून उतरणाऱ्या जोशीकाकू थबकल्या आणि परत वर गेल्या. दात दिसत नव्हते.

"कुणी शिवली होती?" त्यांनी विचारलं. मी नाव टाळलं. दुकान मोठं आहे, काचेचं आहे, आत एसी आहे, उगाच कशाला. मास्तरांनी उसवलेली जुनी पट्टी उचलली, तिची उलटी बाजू पाहिली आणि स्वतःच नाव सांगितलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"धाग्याचं टोक तो आधीपासून असंच सोडतो. भिंतवाला पोरगा तोच." मग त्यांनी पावतीच्या उलट्या बाजूला चेन, पट्टी, उसवण आणि शिलाई असे चार आकडे मांडले. मी म्हणालो, शिष्याची चूक आहे, थोडं कमी करा. ते म्हणाले, "शिकवायचे पैसे त्यानंच बुडवलेत, ते कुणाकडून घेऊ?" आणि पाचवा आकडा मांडला.